छापील उत्तर आणि माझं उत्तर

रविवारी फोनवर तुम्ही दोघं विचारता, "आजी, आठवडाभर काय केलंस?" मी म्हणते, "काम केलं." तुम्ही हसता, कारण आजीला काम असतं हे तुम्हाला खरं वाटत नाही. आणि मग तुमच्या पोहण्याच्या क्लासची वेळ होते. दहा मिनिटांत ते काम समजावून सांगता येत नाही, म्हणून लिहून ठेवते आहे. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. सावकाश वाचा. अडेल तिथे आईला विचारा.

तुमचे आजोबा गेल्यावर पहिले सात-आठ महिने मी घर आवरत होते. कपाटं, कागद, बँकेच्या फायली, त्यांची औषधं, चष्मे. मग एक दिवस आवरायचं काही उरलं नाही. खारघरचं हे घर तुम्ही पाहिलं आहे, पण सगळे आलेले असताना. एरवी इथे सकाळी नऊला कामवाली येते आणि पावणेदहाला जाते. त्यानंतर दार वाजत नाही. शेजारी नवरा-बायको दोघंही नोकरी करतात, त्यांचं मूल पाळणाघरात. एकदा दुपारी गेटवरून वॉचमनने इंटरकॉम केला, कुरियरवाल्याला सोडू का म्हणून, आणि माझा आवाज बसका निघाला. सकाळपासून मी एक शब्द बोलले नव्हते. ते तेव्हा माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं.

माझ्याबरोबर शाळेत शिकवणाऱ्या एका मैत्रिणीने हे काम सुचवलं. ती स्वतः करायची. एक कंपनी आहे, मुलांच्या गणिताचं ॲप चालवते. त्यांच्याकडे हजारो पानांचे फोटो आहेत. सराव पुस्तकांची पानं, क्लासच्या नोट्स, जुन्या परीक्षांचे कागद. एकेका गणिताचा फोटो कापून आमच्या स्क्रीनवर येतो. वर गणित, बाजूला असली तर आकृती, आणि तळाशी त्याच पुस्तकाच्या उत्तरसूचीतून घेतलेलं छापील उत्तर. आम्ही गणित टाइप करायचं, पायरी-पायरीने सोडवायचं आणि शेवटच्या चौकटीत अंतिम उत्तर लिहायचं. मुलांना मग ते ॲपवर दिसतं, आणि त्यांचं उत्तर त्याच्याशीच ताडलं जातं. मी बत्तीस वर्षं गणित शिकवलं. मला वाटलं, हे तर मला झोपेतही येईल.

मी दहा वाजता बसायचे. जेवणाच्या टेबलाच्या खिडकीकडच्या बाजूला लॅपटॉप, डाव्या हाताला दोनशे पानी वही. प्रत्येक गणित आधी वहीत पेन्सिलीने, मग स्क्रीनवर. वहीत तारीख, अनुक्रमांक, उत्तर. तुमची आई म्हणेल, आईची सवय. आहेच.

पहिल्या आठवड्यातच एक समभुज चौकोन आला. म्हणजे पतंगासारखा दिसतो तो, चारही बाजू सारख्या. त्याचे कर्ण बारा आणि सोळा सेंटिमीटर, क्षेत्रफळ काढा. कर्णांचा गुणाकार करायचा आणि निम्मा करायचा. बारा सोळे एकशे ब्याण्णव, त्याचे निम्मे शहाण्णव. खाली छापलं होतं, १९२. छापणारा निम्मं करायला विसरला होता. असं होतं. मी शहाण्णव लिहिलं आणि पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी ते परत आलं. लाल पट्टी, त्यावर इंग्रजीत एक ओळ: अंतिम उत्तर जुळत नाही, दुरुस्त करा.

मी कामाच्या सूचना काढून वाचल्या. त्यात खरंच लिहिलं होतं की अंतिम उत्तर छापील उत्तराशी जुळलं पाहिजे. छापील उत्तर चुकीचं असेल तर काय करायचं, याबद्दल एक अक्षर नव्हतं. सूचना लिहिणाऱ्याला तसं कधी होईल असं वाटलंच नसावं. मी उत्तर न बदलता परत पाठवलं आणि खाली चार ओळी लिहिल्या. ते पुन्हा परत आलं. तिसऱ्यांदा परत आलं की माझं काम बंद होणार होतं, तो नियम मात्र सूचनांत ठळक अक्षरांत होता.

सव्वाअकराला फोन वाजला.

"मॅडम, मी तपासणारी बोलतेय. ते रॉम्बसचं, समभुज चौकोनाचं."

आवाज तरुण होता, घाईतला. मागे कुकरची शिट्टी.

"बोला," मी म्हटलं.

"एकशे ब्याण्णव करून टाका ना. शेवटच्या पायरीत तो निम्मा काढून टाकायचा फक्त. बाकीच्या जणी तसंच करतात."

"म्हणजे पायरी चुकवायची?"

"चुकवायची असं नाही... ॲडजस्ट."

"अगं, मूल ते वाचून शिकणार आहे ना?"

मी विचारलं, "तुझं शिक्षण काय?"

"एम.एस्सी. मॅथ्स."

"मग तू कागद घे. बारा बाय सोळाचा आयत काढ. त्याच्या चारही बाजूंचे मध्यबिंदू जोड. काय तयार झालं?"

कागदाचा आवाज आला. मग ती हसली. "रॉम्बस. आयताच्या पोटात."

"आयताचं क्षेत्रफळ?"

"एकशे ब्याण्णव. कळलं मॅडम, कळलं. मला आधीपासूनच कळलं होतं हो. माझ्या हातात काय आहे? मी तपासते त्यात जुळलं-नाही जुळलं एवढंच बटण आहे."

तेवढ्यात मागून एका बाईचा आवाज आला, "कोन हाय गो? ती भाजी बघ."

"बघते आई," ती म्हणाली, आणि मला म्हणाली, "सासूबाई. मॅडम, थांबा दोन दिवस, तिसऱ्यांदा पाठवू नका. मी वर बोलते."

ती नावड्याला राहायची. सासर तिथलंच, जुन्या गावातलं. लग्नाआधी पनवेलला क्लासमध्ये शिकवायची, मूल झाल्यावर घरून हे काम घेतलं. हे सगळं मला पुढे कळलं. तेव्हा एवढंच कळलं की ती खरंच वर बोलली. वरचे सर दुसऱ्या शहरात बसतात. तिने त्यांना आयताच्या पोटातल्या रॉम्बसचा फोटो पाठवला, आणि मी शोधून दिलेली आणखी पाच गणितं. आठवड्याने नवीन नियम आला. छापील उत्तर आता वेगळ्या चौकटीत जसंच्या तसं लिहायचं, त्यात आपली अक्कल घालायची नाही. अंतिम उत्तराच्या चौकटीत आपण सोडवून आलेलं. दोन्ही जुळत नसतील तर एक खूण करायची आणि फरक का पडला ते टिपणीत लिहायचं. खूण केलेलं प्रत्येक गणित तपासणारीने स्वतः बघायचं.

माझ्या खुणा तिच्याकडे जायच्या. म्हणून रोज सव्वाअकराला तिचा फोन यायला लागला. मुलाला बालवाडीत सोडून आलेली असायची, आणि सासूबाई अंगणात कोणाशी तरी बोलत असायच्या. पंधरा मिनिटं. कधी वीस. ते माझं दिवसातलं एकमेव बोलणं असायचं. मी दहा ते सव्वाअकरा काम करताना मनात ठेवायचे, आज तिला काय सांगायचं.

या फोनसाठी विषय भरपूर होता, कारण छापील उत्तर जुळत नाही याचा अर्थ दर वेळी वेगळा निघायचा. एका पुस्तकात ओळीने नऊ उत्तरं चुकली होती. मी दोन दिवस डोकं धरून बसले. मग लक्षात आलं, तेराव्याचं उत्तर चौदाव्यासमोर छापलं होतं आणि तिथून पुढे सगळी एकेक घर खाली सरकली होती. एकदा वर्तुळाचं क्षेत्रफळ मला एकशे चोपन्न आलं आणि छापलेलं एकशे त्रेपन्न पूर्णांक शहाऐंशी शतांश. तो फरकच नव्हता. मी पाय, म्हणजे π, बावीस सप्तमांश धरला होता, त्यांनी तीन पूर्णांक चौदा शतांश. अशाला खूण करायची नाही, गणितात पाय किती धरायचा ते सांगितलं आहे का बघायचं आणि तोच धरायचा, एवढंच. आणि काही वेळा चूक सरळ माझी असायची. एकदा मी टाइप करताना तीनाचा आठ केला होता. ती म्हणाली, "मॅडम, तुमच्या उत्तरसूचीत पण प्रिंटिंग मिस्टेक?"

वहीच्या पुठ्ठ्यावर मी क्रम लिहून ठेवला. आधी फोटो मोठा करून बघायचा. मग टाइप केलेलं गणित मूळ फोटोशी अक्षर-अक्षर ताडायचं. मग दुसऱ्या रीतीने सोडवायचं. आणि एवढं करूनही जुळलं नाही, तर शेवटी विचार करायचा की छापील आकडा कुठून आला असेल. तिला तो क्रम वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, "हा मी सगळ्यांना पाठवते." पाठवलाही. कोणी वाचला की नाही देव जाणे.

त्या क्रमातली शेवटची पायरी मला सगळ्यात आवडायची. ते मी आता कबूल करते. दुसऱ्याची चूक कुठे झाली हे ओळखण्यात मजा असते. शाळेत मी पेपर तपासताना मुलाचं उत्तर बघून सांगायचे, याने हातचा घेतलेला नाही, हिने चिन्ह बदललेलं नाही. स्टाफरूममध्ये त्याचं कौतुक व्हायचं. सव्वाअकराच्या फोनवरही व्हायला लागलं. "मॅडम, तुम्ही उत्तर बघून गुन्हेगार सांगता," ती म्हणायची. मग मी उद्यासाठी आणखी एक गुन्हेगार शोधायचे.

फेब्रुवारीत एक बागेचं गणित आलं. आयताकृती बाग, तिला कडेने दोन मीटर रुंद रस्ता, मापं आकृतीत, रस्त्याचं क्षेत्रफळ काढा. फोटो फिकट होता, पानाच्या घडीत काढलेला. आकृतीत एकात एक दोन आयत, आणि चाळीस व तीस हे आकडे. मी चाळीस बाय तीसची बाग धरली, बाहेरून रस्ता. बाहेरचा आयत चव्वेचाळीस बाय चौतीस, म्हणजे चौदाशे शहाण्णव. त्यातून बागेचे बाराशे वजा. दोनशे शहाण्णव चौरस मीटर. छापलेलं होतं दोनशे चौसष्ट.

मी अर्ध्या मिनिटात ओळखलं. त्यांनी रस्ता आतल्या बाजूने धरला होता. चाळीस बाय तीस बाहेरचा, छत्तीस बाय सव्वीस आतला, नऊशे छत्तीस, बाराशेतून वजा केले की बरोबर दोनशे चौसष्ट. गुन्हेगार सापडला. मी खूण केली आणि टिपणीत लिहिलं की उत्तरसूचीने रस्ता बागेच्या आत घेतला आहे, तो बाहेर हवा.

सव्वाअकराला तिला सांगितलं. ती म्हणाली, "आतून रस्ता काढला तर माळी कुठे झाडं लावणार," आणि पुढच्या गणिताकडे गेली. ते मंजूर झालं.

तीन आठवड्यांनी तेच पान पुन्हा आलं. दुसऱ्या कोणीतरी चांगल्या उजेडात, सपाट ठेवून काढलेला फोटो. गणित वेगळं होतं, बागेच्या खालचं, पण कापताना बागेची आकृती वरच्या कडेला तशीच राहिली होती. चाळीसच्या दोन्ही बाजूंचे बाण स्वच्छ दिसत होते. त्यांची टोकं बाहेरच्या रेघेला टेकली होती. तिसाचीही. चाळीस बाय तीस हे रस्त्यासकट होतं. उत्तरसूची बरोबर होती.

मी जुना फोटो उघडला आणि मोठा केला. त्यातही बाण दिसत होते, फिकट, पण दिसत होते. पुठ्ठ्यावरची पहिली पायरी मी केलीच नव्हती. शेवटची आधी केली होती, आणि त्यांचा आकडा कसा आला हे मला सांगता आलं म्हणून ते चुकले असं मी धरून चालले. समोरच्याने काय केलं हे कळलं म्हणजे त्याने चूक केली असं होत नाही. बत्तीस वर्षांत किती मुलांच्या बाबतीत मी असं केलं असेल, हा विचार मला त्या दिवशी जेवताना आला.

कोणाला कळणार नव्हतं. ते गणित केव्हाच पुढे गेलं होतं. एखाद्या मुलाने बरोबर दोनशे चौसष्ट काढलं असतं, तर ॲपने त्याला चूक म्हटलं असतं, एवढंच. आणि सांगितलं तर काय होईल ते मला नीट कळत होतं. नियम माझ्या खुणांवर उभा होता. तिने माझी गणितं दाखवून तो वरच्यांकडून मिळवला होता. माझी खूण खोटी निघाली म्हणजे तिचं नाव खराब होणार, आणि आमचं सव्वाअकराचं बोलणं तसं राहील याची खात्री नाही. नियमाचं मला फारसं वाटत नव्हतं. फोनचं वाटत होतं. त्या दिवशी मी सांगितलं नाही. ती म्हणाली, "आज गुन्हेगार नाही का मॅडम?" मी म्हटलं, "आज रजेवर आहेत." दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी ती बोलायच्या आत मी म्हटलं, "त्या बागेचं उत्तर दोनशे चौसष्टच आहे. चूक माझी आहे. बाण बघ."

तिने फोटो उघडला, माउसची टिकटिक ऐकू आली.

"फिकट आहे हो. कोणालाही तसंच वाटलं असतं."

"मोठा केला की दिसतं."

"मग मी आता बदलते गुपचूप. बॉक्समध्ये टू सिक्स्टी फोर टाकते, खूण काढते. संपला विषय."

"तू तेव्हा बघितला होतास का फोटो?" मी विचारलं.

मागे सासूबाई कोणाला तरी सांगत होत्या, सून कामावर हाय, फोनवर हाय.

"खरं सांगू का मॅडम," ती म्हणाली, "तुमचं असलं की मी उघडतच नाही. तुमची टिपणी वाचते. तुमची टिपणी वाचली की मला ते आधीच बरोबर वाटतं. आणि फोनवर तर तुम्ही आधीच सांगितलेलं असतं."

नियमाप्रमाणे दोघींनी बघायला हवं होतं. प्रत्यक्षात एकटी मी बघत होते. दुसरी ऐकत होती, आणि ऐकायला मीच तिला रोज बोलावत होते.

"मग माझ्या सगळ्या खुणा काढ," मी म्हटलं. "पहिल्यापासून. माझी टिपणी झाकून सोडव."

"एक्केचाळीस आहेत. वेड लागलंय का तुम्हाला?"

"काढ."

तिला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत फोन आला नाही, कारण मीच सांगितलं होतं की संपेपर्यंत करू नकोस. अडतीस बरोबर निघाल्या. तीन चुकीच्या. एक बाग. एकात मी किलोमीटर आणि मीटरची गल्लत केली होती. तिसऱ्यात गणिताची शेवटची ओळ फोटोत आलीच नव्हती. दोघं मिळून काम करतात, चार दिवसांनी एकजण सोडून जातो, असं ते होतं. काम संपायला मागे राहिलेल्याला किती दिवस लागतील हेच विचारलं असणार असं मी धरलं आणि सहा लिहिले. छापील उत्तर दहा होतं. गणितात एकूण दिवस विचारले होते. चार आणि सहा दहा. पुढच्या पानावर ती ओळ होती. छापील दहा मला सांगत होतं की फोटोत काहीतरी राहून गेलं आहे, आणि मी त्याला चूक म्हटलं.

"एक्केचाळीसमध्ये तीन म्हणजे चांगलं आहे," ती म्हणाली. "बाकीच्यांचं बघाल तर."

"सरांना सांगितलंस?"

"सांगते."

"सगळं सांग. उघडत नव्हतीस तेही."

"ते मी सांगते, पण मग माझं काय होईल ते तुम्ही नका विचारू." पण आवाजात राग नव्हता. थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्ही नसतं सांगितलं तर मला कधीच कळलं नसतं, नाही?"

मी म्हटलं, "नसतं."

सरांनी तिला काढलं नाही. माझंही काम बंद केलं नाही. ते मला वाटलं होतं त्यापेक्षा समजूतदार निघाले. त्यांनी नियम आणखी नीट केला. आता खूण केलेलं गणित तपासणारीकडे जात नाही. ते आधी एका दुसऱ्या सोडवणारीकडे जातं. तिला फक्त फोटो दिसतो. छापील उत्तरावर पांढरी पट्टी असते. पहिलीचं उत्तर दिसत नाही, टिपणी दिसत नाही, नाव तर नाहीच. तिचं उत्तर पहिलीशी जुळलं तरच छापील उत्तर चूक ठरतं. नाही जुळलं तर तिसरीकडे जातं. फोटो अर्धवट वाटला तर मूळ पान मागवायचं, तोपर्यंत गणित बाजूला. आणि शेवटी एक ओळ: ज्यांचा एकमेकांशी संपर्क आहे, त्यांचं काम एकमेकांकडे दिलं जाणार नाही, आणि चालू गणितांबद्दल कोणी कोणाशी बोलू नये.

मी तो नियम दोनदा वाचला. मला त्यात सुधारायला काही सापडलं नाही. मी लिहिला असता तर असाच लिहिला असता.

त्या दिवशी तिचा फोन आला. "मॅडम, वाचलंत?"

"वाचलं."

"तुमचे आता माझ्याकडे येणार नाहीत."

"बरोबर आहे ते."

"बरोबर आहे ते माहीत आहे मला," ती म्हणाली, जरा चिडून. "मी काय चूक आहे म्हणतेय का?"

मग आम्ही मुलाच्या बालवाडीबद्दल बोललो. त्याला शिंगाड्याचं चित्र काढायला सांगितलं होतं आणि त्याने होडी काढली होती. सासूबाईंचा गुडघा. तिने विचारलं, तुमची नातवंडं कशी आहेत. मी म्हटलं, पोहायला शिकतात. पाच मिनिटांत सगळं सांगून झालं. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा केला. गुडघा तसाच होता. त्यानंतर दोन दिवसांनी, मग आठवड्याने.

मला वाटलं होतं की आमची मैत्री आहे, विषय कुठलाही चालेल. तसं नव्हतं, किंवा तशी व्हायला वेळ मिळाला नाही. आमच्यात चाळीस वर्षांचं अंतर. तिच्या घरात सहा माणसं, माझ्या घरात मी. जुळत नसलेलं एखादं उत्तर समोर असलं की आम्ही दोघी सारख्या व्हायचो. ते काढून घेतल्यावर तिला मला काय विचारावं कळेना, आणि तिला धरून ठेवायला नको म्हणून मी लवकर आवरतं घ्यायचे.

गेल्या महिन्यात ती म्हणाली, "मॅडम, कामातलं नाही असं एखादं गणित घाला ना मला. जुनं, तुमच्या शाळेतलं." मला फार बरं वाटलं. मी दोन दिवस विचार करून एक निवडलं, आठवीच्या हुशार मुलांना घालायचे ते. तिने फोनवरच तोंडी सोडवलं, पुरतं एक मिनिटही लागलं नाही. बरोबर होतं. आम्ही दोघी हसलो, आणि मग पुढे काय बोलायचं ते दोघींनाही सुचलं नाही. बरोबर सुटलेल्या गणिताबद्दल बोलण्यासारखं फार काही नसतं.

तुम्ही विचाराल, आजी, मग सांगितलंस कशाला? काही दुपारी मीही विचारते. दोन दिवस गप्प राहता आलं, तर आणखी राहता आलं असतं. पण ते दोनशे चौसष्ट काढणारं मूल मला दिसत राहिलं. बाण नीट बघून, आतला आयत काढून, वजाबाकी करून बसलेलं, आणि स्क्रीनवर लाल रंग. ते घाबरून आपलं बरोबर उत्तर खोडेल. शाळेत अशी मुलं मी पाहिली आहेत. ती पुन्हा सहसा हात वर करत नाहीत.

काम चालू आहे. आता माझ्याकडेही दुसऱ्यांची खूण केलेली गणितं येतात, पांढरी पट्टी लावलेली. काल एक शंकूचं आलं. फोटो तिरका होता, उंची सात आहे की एक, ते कळेना. मी तो मोठा केला, उजवीकडून पाहिला, डावीकडून पाहिला. सात होती. सोडवलं, मग दुसऱ्या रीतीने पुन्हा सोडवलं. पट्टीखाली काय छापलं आहे आणि पहिल्या बाईने काय लिहिलं आहे, दोन्ही मला माहीत नव्हतं. ती कोण असेल, तेही नाही. पुण्याची असेल, नाशिकची असेल, आमच्याच सोसायटीत खालच्या मजल्यावर बसली असेल. मी उत्तर लिहिलं, पाठवलं आणि ते स्क्रीनवरून निघून गेलं. आमची उत्तरं जुळली का, हे कोणी कळवत नाही.